अकरा ते वीस

आमच्या कंपनीत तारीख विचारली की लोक हवामान सांगतात. ‘माल कधी निघेल?’ तर ‘मिड-मंथ धरून चला.’ ‘पेमेंट कधी होईल?’ तर ‘मंथ-एंडपर्यंत होऊन जाईल.’ ‘ड्रॉइंग कधी मिळेल?’ तर ‘अर्ली नेक्स्ट वीक.’ तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह, एवढंच म्हणायचं बाकी ठेवतात.

मी बावीस वर्षं एक्स्पोर्टच्या कागदांमध्ये काढली आहेत. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग आणि शेवटी बँकेची फाइल. या कागदांना ‘साधारण’ चालत नाही. तिथे दिवस, महिना आणि वर्ष असे तीन रकाने असतात आणि तिन्ही भरावे लागतात. त्यामुळे बाकीच्यांनी सांगितलेल्या हवामानाची तारीख करून देणं हे काम, नेमणूकपत्रात कुठेही लिहिलेलं नसताना, माझ्याच गळ्यात पडलं आहे.

मिड-मंथचंच घ्या. तीस दिवसांच्या महिन्याचा मध्य १५ तारखेला येतो, हे चौथीतलं पोरही सांगेल. ऑफिसात मात्र १५ तारखेला मिड-मंथ नुसता उजाडतो. १४ तारखेला कुणाला ‘मिड-मंथ म्हणाला होतात’ असं विचारून बघा. समोरचा दुखावतो. ‘अहो, अजून मिड-मंथ झालाय कुठे?’ १६ला विचारलं तर ‘तेच चालू आहे’ म्हणतो. १९ला विचारलं तर ‘हे काय, आत्ता तुमचंच काम घेतलंय.’ २२ला मात्र तोच माणूस सुस्कारा सोडून म्हणतो, ‘आता तुम्ही मंथ-एंडच धरा.’ मिड-मंथ कधी संपला हे कळायची तेवढी एकच खूण आहे. बोलणाऱ्याच्या तोंडून ‘मंथ-एंड’ निघालं की समजायचं, संपला.

शिवाय बोलणारा कोण, हेही बघावं लागतं. अकाउंट्सवाल्यांच्या डोक्यात १५ला पीएफ भरायचा असतो आणि २०ला जीएसटीचं ३बी, त्यामुळे त्यांचा मिड-मंथ म्हणजे या दोन खुंट्यांमध्ये ताणून बांधलेले पाच दिवस. त्या पाच दिवसांत त्यांच्याकडे काही मागायला गेलात तर मान वर न करता ‘नंतर’ म्हणतात. सेल्सच्या मिड-मंथला तर कॅलेंडरच नसतं. ग्राहक म्हणाला १०, प्लांट म्हणाला २५, आणि सेल्सचे साहेब दोघांचं मन राखून ‘मिड-मंथ’ म्हणाले. ही तारीख नाही, ही तडजोड आहे. मात्र ग्राहक ती तारीख म्हणून लिहून घेतो, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं.

यात नुसता इंग्रजीला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या मराठीचा तरी हिशेब कुठे सरळ आहे? सात दिवसांना आपण आठवडा म्हणतो. डॉक्टर ‘आठ दिवसांनी या’ म्हणाले की आई सातव्या दिवशी बरोबर जाऊन बसते आणि डॉक्टरही तिला ‘एक दिवस आधी आलात’ असं म्हणत नाहीत. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे चौदा. दोन्ही टोकांचे दिवस मोजायची ही जुनी सवय, आणि सगळेच तसे मोजतात म्हणून कुणाचं अडत नाही. ‘परवा’ची मजा तर त्याहून मोठी आहे. तो मागेही असतो आणि पुढेही. आमच्याकडे नवीन लागलेल्या एका नागपूरच्या मुलीने सप्लायरला फोन केला, ‘पाठवलंय ना?’ तो म्हणाला, ‘परवा.’ तिने फाइलला ‘पाठवलं’ असा शेरा मारला आणि चार दिवस ट्रान्सपोर्टवाल्याचं डोकं खाल्लं. चूक तिची नव्हती. क्रियापदच सांगायचं राहिलं होतं.

आता ‘अर्ली नेक्स्ट वीक’. हा शब्दप्रयोग शुक्रवारी दुपारी चारनंतर जन्माला येतो. बुधवारी कुणी तो वापरताना मी पाहिला नाही. त्याचा पहिला नियम असा की अर्ली नेक्स्ट वीक म्हणजे सोमवार कधीच नाही. ज्याला सोमवार म्हणायचा असतो तो सोमवारच म्हणतो, कारण सोमवारी द्यायची चीज त्याच्याकडे शुक्रवारीच तयार असते आणि त्याला ती नुसती एकदा वाचून बघायची असते. ज्याने अजून फाइल उघडलेलीच नाही, तो ‘अर्ली’ म्हणतो. सोमवारी तो फाइल शोधतो. मंगळवारी उघडतो. म्हणून माझ्या हिशेबात अर्ली नेक्स्ट वीक मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला सुरू होतो आणि बुधवारी डबा खाऊन झाला की संपतो. बुधवारी दुपारी आठवण केली की ‘आज ईओडी’ असं उत्तर येतं, आणि ईओडी म्हणजे गुरुवारी सकाळी साहेबांनी मेल उघडायच्या आत. बोलणारा जनरल मॅनेजरच्या वरचा असेल तर सगळ्यात एकेक दिवस मिळवायचा.

हाच निरोप रविवारी रात्री नऊला आला तर मात्र मी हात टेकतो. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आठवडा रविवारपासून सुरू होतो. म्हणजे पाठवणारा चालू आठवड्यात बसून पुढच्या आठवड्याबद्दल बोलतोय आणि माझ्या हातात आठ-नऊ दिवस आहेत. पण आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात आठवडा सोमवारी सुरू होतो. त्या हिशेबाने नेक्स्ट वीक उद्या सकाळी आहे आणि मी आत्ता झोपायला नको. जर्मन ग्राहकांनी यातून सुटका करून घेतली आहे. ते सरळ आठवड्याचा क्रमांक टाकतात. `KW 8` लिहिलं की २०२६ साली १६ ते २२ फेब्रुवारी, त्यात वाद नाही. त्या सातातला कुठला दिवस, हे तेही सांगत नाहीत म्हणा.

मंथ-एंडबद्दल फार बोलत नाही, कारण तो ज्याचा त्याचा वेगळा असतो आणि प्रत्येकाचा खरा असतो. सेल्सचा मंथ-एंड ३१ तारखेला रात्री अकरा पन्नासला होतो. इन्व्हॉइस निघालं, गेटपास फाटला, गाडी गेटच्या बाहेर गेली, टार्गेट झालं. गाडी मग बाहेरच्या चहाच्या टपरीशेजारी सकाळपर्यंत उभी असते, ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला असतो, पण ती पुढच्या महिन्याची गोष्ट झाली. पेमेंटचा मंथ-एंड वेगळा. यंदाच्या फेब्रुवारीत २८ तारीख शनिवारी आली आणि तोही चौथा शनिवार. चौथ्या शनिवारी बँका बंद. आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं हे खरं, पण मंजुरीचं बटण दाबणाऱ्या आमच्या मॅडम चोवीस तास चालत नाहीत. त्यामुळे फेब्रुवारीचा मंथ-एंड २७ला झाला, आणि ज्याचं पेमेंट २७ला हुकलं त्याचा २ मार्चला झाला. त्याला फोनवर मात्र ‘मंथ-एंडलाच केलंय’ असं सांगितलं गेलं. पंचांगवाल्याला विचाराल तर तो वेगळंच सांगेल. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, आणि माघातली अमावास्या आली होती १७ फेब्रुवारीला. म्हणजे कंपनी ज्या दिवशी मिड-मंथ मिड-मंथ करत होती, त्या दिवशी भिंतीवर महिनाअखेर होती.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे आणि मीही नेत आलो. फक्त एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे, की जगात एक पुस्तिका अशी आहे जिने मिड-मंथची तारीख ठरवून टाकली आहे. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची यूसीपी ६००, १ जुलै २००७ पासून लागू. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे आमच्या भाषेत एलसी, कसं वाचायचं याचे हे नियम. ग्राहकाची बँक हमी घेते की कागद बरोबर असतील तर पैसे देऊ. आणि ‘बरोबर’ म्हणजे काय, ते ही पुस्तिका सांगते. एकूण ३९ कलमं आहेत आणि आपल्या कामाचं आहे तिसरं.

त्यात लिहिलंय की महिन्याची ‘सुरुवात’ म्हणजे १ ते १०, ‘मध्य’ म्हणजे ११ ते २०, आणि ‘अखेर’ म्हणजे २१ पासून शेवटच्या तारखेपर्यंत, दोन्हीकडच्या तारखा धरून. ‘पहिला पंधरवडा’ म्हणजे १ ते १५, ‘दुसरा’ म्हणजे १६ पासून पुढे. ‘अमुक तारखेच्या सुमारास’ म्हटलं तर ती तारीख, तिच्या आधीचे पाच दिवस आणि नंतरचे पाच. आणि मला सगळ्यात आवडलेलं वाक्य असं की ‘त्वरित’, ‘ताबडतोब’, ‘शक्य तितक्या लवकर’ असले शब्द आले तर त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीत सरळ होऊन बसलो. कुणीतरी माझ्यासारखाच टेबलाशी बसून पिचला असणार आणि एके दिवशी त्याने हे लिहून काढलं असणार. आठवड्याबद्दल मात्र ते कलम चकार शब्द काढत नाही. तिथे त्यानेही हात टेकले असावेत.

आता गेल्या फेब्रुवारीची हकिकत. आखातातला एक ग्राहक, पंपाच्या केसिंगची ऑर्डर, एक कंटेनर. सेल्सच्या साहेबांनी कोटेशनसोबतच्या प्रोफॉर्मा इन्व्हॉइसमध्ये लिहिलं, ‘शिपमेंट : मिडल ऑफ फेब्रुवारी’. चांगल्या एलसीत `44C` या रकान्यात शेवटची तारीख सरळ आकड्यात असते. आमच्या ग्राहकाच्या बँकेने प्रोफॉर्मा समोर ठेवून एलसी उघडलं आणि शिपमेंटचा काळ लिहायच्या `44D` या रकान्यात जसंच्या तसं उतरवलं:

```
44D: MIDDLE OF FEBRUARY 2026
```

मी ते वाचलं आणि साहेबांना मेल केला, की हे ११ ते २० आहे, तारीख आकड्यात दुरुस्त करून मागू या. उत्तर आलं, ‘वीसपर्यंत आहे ना? मग भरपूर आहे.’ दुरुस्तीला बँक पैसे घेते आणि ग्राहकाला विचारावं लागतं, आणि ग्राहकाला विचारणं साहेबांच्या जिवावर येतं. राहिलं.

कास्टिंग कोल्हापूरहून यायचं होतं. फाउंड्रीचे मालक म्हणाले, ‘मिड-मंथला सोडतो की.’ आमच्या परचेसच्या मॅडमनी शीटमध्ये १४ टाकली, कारण २८ भागिले दोन. मालकांच्या मनात मात्र वेगळं गणित होतं. १४ला दुसरा शनिवार, १५ला रविवार आणि वर महाशिवरात्र, ग्राइंडिंगची पोरं गावाला जाणार, म्हणून त्यांचा मिड-मंथ सोमवारी १६ला होता. त्यांनी १६ला सकाळी गाडी सोडली आणि संध्याकाळी ती आमच्या गेटवर उभी होती. आपला शब्द त्यांनी पाळला होता, यात शंका नाही.

आमच्या प्लांटने १७ला मशिनिंग सुरू केलं. कागदावर दोन दिवसांचं काम, त्यांनी ते दीड दिवसात उरकलं. मी तेव्हा शॉपफ्लोअरवर उभा होतो. एका केसिंगच्या फ्लँजवर खडूने ‘अर्जंट’ लिहिलं होतं, शेजारच्यावर ‘व्हेरी अर्जंट’, आणि दोन्ही एकाच ऑर्डरची होती. १८च्या रात्री कंटेनर भरला, सील लागलं, फोटो काढले. १९ला शिवजयंती, सुट्टी. पण गाडी पहाटेच घाट उतरून न्हावा शेव्याला पोहोचली आणि वेळेत बंदरात शिरली. साहेबांनी ग्रुपवर अंगठा टाकला. सगळ्यांना वाटलं, जिंकलो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाची ‘शिपमेंटची तारीख’ म्हणजे गाडी गेटबाहेर गेली ती नव्हे, कंटेनर बंदरात शिरला तीही नव्हे. माल जहाजावर चढला ती. बिल ऑफ लेडिंगवर ‘ऑन बोर्ड’ म्हणून तीच तारीख पडते आणि बँक तेवढीच बघते. जहाजाची वेळापत्रकातली तारीख होती २०. जहाज धक्क्याला उशिरा लागलं. आमचा कंटेनर २१ला पहाटे वर गेला. बिल ऑफ लेडिंगवर २१ फेब्रुवारी. शनिवार.

पुस्तिकेप्रमाणे २१ फेब्रुवारी हा फेब्रुवारीचा मध्य नाही. ती फेब्रुवारीची अखेर आहे.

साहेब म्हणाले, ‘अरे, एकवीस म्हणजे मिड-मंथच की.’ मी म्हटलं, ‘आपल्या ऑफिसात हो, सर.’ मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, की शिपिंग लाइनकडून २० टाकून मिळेल का. हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. मिळत नाही, आणि मिळालं तर आणखी वाईट, कारण मागची तारीख टाकलेलं बिल ऑफ लेडिंग म्हणजे सरळ फसवणूक. जहाज कधी लागलं, कधी सुटलं, हे बंदराच्या नोंदीत असतं. आमच्या फॉरवर्डरने फोनवर नुसतं ‘साहेब...’ म्हटलं आणि थांबला. साहेबांनी विषय बदलला.

कागद बँकेत गेले. कागद तपासायला बँकेला कामकाजाचे पाच दिवस मिळतात. त्यांनी चौथ्या दिवशी कळवलं. एकच त्रुटी: लेट शिपमेंट. एक दिवस उशीर असो की एक महिना, कागदावर शब्द तोच. आता हमी सुटली. पैसे मिळणं ग्राहकाच्या मर्जीवर आलं. ग्राहकाला माल हवा होता म्हणून त्याने मान्यता दिली, पण त्यालाही ती द्यायला ‘अर्ली नेक्स्ट वीक’ लागला, आणि त्याच्याकडे आठवडा कधी सुरू होतो हे विचारायचं मला धाडस झालं नाही. त्रुटीचे पैसे बँकेने आमच्याच रकमेतून कापून घेतले. मार्चचा मध्य उलटला तेव्हा पैसे आले. पुस्तिकेप्रमाणे उलटला म्हणतोय. साहेबांच्या मते तोही मिड-मंथच होता.

नंतर बैठक झाली. कुणाचं चुकलं, हे शोधायला सगळे बसले. परचेसच्या मॅडमनी सांगितलं, फाउंड्रीने मिड-मंथ म्हटलं होतं. फाउंड्रीने फोनवर सांगितलं, मिड-मंथलाच सोडलं. प्लांटने सांगितलं, उलट अर्धा दिवस वाचवला. सेल्सने सांगितलं, मिड-मंथच कबूल केलं होतं. बैठकीच्या टिपणात शेवटी लिहिलं गेलं, की यापुढे एलसीत तारीख आकड्यातच घ्यावी. त्यावर कार्यवाही कोण करणार, तर मी. कधीपर्यंत, तर ‘लवकरात लवकर’.

मी माझ्या टेबलामागे एक कागद चिकटवला: सुरुवात १–१०, मध्य ११–२०, अखेर २१ पासून. लोक येता-जाता वाचायचे आणि हसायचे. स्टोअरच्या मुलाने खाली पेन्सिलीने लिहिलं, ‘उधारी – पुढच्या १ला’. पण हळूहळू एक फरक पडला. माझ्याशी बोलताना लोक जपून बोलायला लागले. ‘मिड...’ एवढं म्हणून थांबायचे, कागदाकडे बघायचे आणि ‘अठरा’ म्हणायचे. माझ्या टेबलापासून दहा पावलांवर पुन्हा मिड-मंथ सुरू व्हायचा, पण दहा पावलं का होईना, राज्य माझं होतं.

एप्रिलमध्ये साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, ‘इन्क्रिमेंटची पत्रं मेच्या सुरुवातीला.’ मी काही बोललो नाही. ९ तारखेला दुसरा शनिवार होता, १०ला रविवार. ११ मेला, सोमवारी, सकाळी सव्वानऊला मी त्यांच्या केबिनच्या दारात उभा होतो.

‘सर, सुरुवात काल संपली.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काचेतून माझ्या टेबलामागच्या कागदाकडे पाहिलं आणि हसले. ‘तू पण ना! बघतो, आजच बघतो एचआरशी.’

संध्याकाळी पाच पंचावन्नला मेल आला. विषयाच्या ओळीत ‘इन्क्रिमेंट लेटर’ लिहिलेलं पाहून मी तो घाईघाईने उघडला. आत एकच ओळ होती: ‘विल डू, ॲज सून ॲज पॉसिबल.’